फॉरेक्स कार्डचं स्टेटमेंट : लोडिंग चार्ज ८८ रुपये, मग बाकीचे पैसे गेले कुठे?

चोपडेकर

राम राम मंडळी. मुलगा यंदा डब्लिनला एमएस्सीला गेलाय. फी एज्युकेशन लोनमधून परस्पर गेली. महिन्याच्या खर्चासाठी मी इथल्या शाखेतून त्याच्या फॉरेक्स कार्डात युरो भरतो. काल पहिल्यांदाच स्टेटमेंटची प्रिंट काढून हिशेबाला बसलो आणि डोकं गरगरलं.

मी २००० युरो भरले. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, लोडिंग चार्ज फक्त ७५ रुपये, वर जीएसटी." म्हणजे ८८ रुपये ५० पैसे. पासबुकातून मात्र २,०६,७६४ रुपये २६ पैसे गेलेत. त्या दिवशी टीव्हीवर युरोचा भाव १००.६० सांगत होते. त्या भावानं २,०१,२०० होतात. वरचे साडेपाच हजार कोणी खाल्ले?

दुसरं म्हणजे स्टेटमेंटमध्ये एक ओळ चक्क रुपयांची आहे. कार्ड पोराच्या खिशात, पोरगा डब्लिनला, मग रुपयांत खर्च कोणी केला? तारखा आणि नंबर काढून त्या ओळी खाली देतोय.

```
RELOAD                          EUR 2000.00 CR
POS  DUBLIN IE    INR 8410.00   EUR   86.27 DR
POS  BELFAST GB   GBP   40.00   EUR   47.59 DR
ATM  DUBLIN IE    EUR  100.00   EUR  100.00 DR
ATM FEE                         EUR    1.50 DR
```

धुळ्याची_माई

भाऊ, आधी कार्ड ब्लॉक करा! रुपयांत खर्च म्हणजे कोणीतरी इथे बसून वापरतंय. आमच्या शेजारच्यांच्या डेबिट कार्डाचं असंच झालं होतं, सकाळी उठले तर खातं रिकामं. स्टेटमेंट नंतर वाचा, आधी फोन लावा.

भुसावळ_जंक्शन

साडेपाच हजार म्हणजे टीसीएस कापलाय, दुसरं काही नाही. परदेशात पैसे पाठवले की सरकार आधी आपला वाटा कापून घेतं. रिटर्न भरताना परत मिळतो, फॉर्म २६एएस मध्ये दिसेल. निवांत राहा.

केळी_सावदा

चोपडेकर भाऊ, रावेरच्या बोर्डावर केळीचा भाव एक असतो आणि मळ्यात गाडी भरताना व्यापारी देतो तो दुसरा. टीव्हीवरचा युरो म्हणजे बोर्डावरचा भाव. तुम्हाला मळ्यातला लागला. 😀

तापीकाठ

मी बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर गेली. आता जळगावात निवृत्त आहे. सावकाश बघू.

माई, कार्ड ब्लॉक करू नका. पोरगा परक्या देशात आहे, कार्ड बंद झालं तर उद्या दूध-ब्रेड कशानं घेणार? फॉरेक्स कार्ड भारतात, नेपाळात किंवा भूतानमध्ये चालतच नाही. त्यामुळे इथे बसून ते कोणी दुकानात घासू शकत नाही. शिवाय त्या ओळीत ठिकाण DUBLIN IE लिहिलंय. खर्च तिथलाच आहे. रुपये कसे आले ते वेगळं प्रकरण आहे, त्याकडे नंतर येतो.

भुसावळकर, टीसीएसचं तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. तो रिटर्नमध्ये मिळतो आणि २६एएस मध्ये दिसतो, हे खरं. पण १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवरही नाही. चोपडेकर, तुमच्या पॅनवर या वर्षी एवढंच गेलंय ना?

आणि कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये साडेपाच हजार शोधत बसू नका, तिथे ते सापडणार नाहीत. त्या कागदाला रुपये माहीतच नाहीत, त्याची सुरुवातच २००० युरोपासून होते. रुपयांचे युरो होताना जे झालं ते दुसऱ्या कागदावर आहे. शाखेनं भरणा केल्यावर एक पावती किंवा टॅक्स इनव्हॉइस दिलं असेल. ते शोधा आणि त्यावरचा दर इथे टाका.

चोपडेकर

हो, या वर्षी माझ्या पॅनवर हे दोन लाखच. मागे थोडे भरले होते ते गेल्या मार्चमध्ये, व्हिसाच्या वेळी.

पावती सापडली, ए-टू फॉर्मच्या झेरॉक्सला टाचलेली होती. लिहिलंय: दर १०३.२०, रक्कम २,०६,४००. रीलोड फी ७५. मग जीएसटीच्या दोन ओळी आहेत, एक १३.५० आणि एक २७५.७६. हा दुसरा जीएसटी कशावर लावला? दोन लाखांवर १८ टक्के म्हणावं तर खूप कमी, ७५ रुपयांवर म्हणावं तर खूप जास्त.

तापीकाठ

आता जमलं. त्या २७५.७६ चं आधी सांगतो, कारण तो बरोबर आहे आणि त्यावरून शाखेत भांडायला जाऊ नका.

चलन बदलताना जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. बँकेनं केलेल्या सेवेची एक मानीव किंमत कायद्यानं ठरवून दिलीय, तिच्यावर १८ टक्के लागतात. पहिल्या एक लाखाला ही किंमत १ टक्का, म्हणजे १००० रुपये. एक ते दहा लाखांच्या मधल्या रकमेला अर्धा टक्का. तुमचे लाखाच्या वर १,०६,४०० आहेत, त्याचा अर्धा टक्का ५३२. एकूण १५३२, त्याचे १८ टक्के २७५ रुपये ७६ पैसे. पैशापर्यंत जुळतंय.

म्हणजे उघड दिसणारे चार्ज झाले फी ७५, तिचा जीएसटी १३.५० आणि हे २७५.७६. मिळून ३६४ रुपये २६ पैसे.

आता दर बघा. तुम्हाला १०३.२० लागला. टीव्हीवरचा १००.६० बाजूला ठेवा, तो कधीचा नि कुठला ते कळत नाही. एफबीआयएल म्हणून संस्था आहे, ती कामाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला डॉलर, युरो, पौंड आणि येनचा रेफरन्स रेट जाहीर करते. fbil.org.in वर जुन्या तारखांचे दरही मिळतात. शनिवार-रविवारी निघत नाही. तुमच्या पावतीच्या तारखेचा बघा.

चोपडेकर

बघितला. योगायोगानं तोही १००.६० च आहे.

तापीकाठ

मग एका युरोमागे २ रुपये ६० पैसे जास्त. २००० युरोवर ५२०० रुपये, म्हणजे अडीच टक्क्यांच्या थोडं वर. हे ५२०० आणि वरचे ३६४.२६ मिळवा, ५५६४.२६ होतात. तुमचे हरवलेले पैसे हेच.

खरा लोडिंग चार्ज ८८ रुपये नाही, तो भावात बसवलेला आहे. जळगावच्या सराफ बाजारात "मजुरी माफ" अशी पाटी दिसली की आपण आधी सोन्याचा भाव विचारतो की नाही? इथेही तेच करायचं.

सवय एकच लावून घ्या. खात्यातून गेलेले एकूण रुपये भागिले कार्डात पडलेले युरो. तुमचं उत्तर येतं १०३.३८. फी, जीएसटी, भाव सगळं त्या एका आकड्यात येतं. दोन बँकांची तुलना करायची तर फक्त हा आकडा विचारा. कोणी म्हणतं "झिरो लोडिंग फी", कोणी म्हणतं "झिरो मार्कअप", त्या बोलण्याला काही अर्थ नाही.

भुसावळ_जंक्शन

बरं, टीसीएस माझा चुकला. पण मग ही सरळ लूटच झाली ना? रेफरन्स रेट सरकारमान्य आहे, तर त्याच दरानं द्यायला पाहिजेत. २ रुपये ६० पैसे परत मागा. लेखी अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जा.

तापीकाठ

अर्ज द्यायला हरकत नाही, पण हातात काही पडेल असं वाटत नाही. रेफरन्स रेट हा बँका आपसात मोठ्या रकमांचे व्यवहार करतात त्यावरून काढलेला असतो. त्या दरानं किरकोळ गिऱ्हाइकाला द्यायचं बंधन कोणावर नाही. आपल्यासाठी तो फूटपट्टी आहे, विक्रीचा भाव नव्हे. शिवाय बँकेचा दरतक्ता सकाळी निघतो आणि रेफरन्स रेट दुपारी. मध्ये बाजार हलला तर पाच-दहा पैशांचा फरक त्याचा असतो, कधी त्याहून जास्त. म्हणून पैशापैशाचा वाद घालू नये.

बँकेनं तक्त्यात छापला तोच दर लावला का, हे मात्र जरूर तपासा. तो तक्ता बहुतेक बँकांच्या वेबसाइटवर असतो. त्यात एकाच चलनाला पुष्कळ रकाने असतात आणि माणूस तिथेच फसतो. तारेनं पाठवायचा विक्रीदर वेगळा, ट्रॅव्हल कार्डचा वेगळा, नोटांचा त्याहून महाग. लोक पहिल्या रकान्यातला आकडा बघून शाखेत जातात आणि परत येताना चिडलेले असतात.

चोपडेकर

माझंही तसंच झालेलं दिसतंय. त्या दिवसाचा तक्ता मी मोबाइलवर सेव्ह करून ठेवला होता. पहिल्या रकान्यात १०२.१० होतं. उजवीकडे सरकवल्यावर कार्डाच्या रकान्यात १०३.२०. म्हणजे मॅडम खोटं बोलल्या नाहीत, पण पूर्ण खरंही बोलल्या नाहीत.

पाचोऱ्याची_पोर

काका, मी लिमरिकला आहे, दुसरं वर्ष. रुपयांच्या ओळीचं मी सांगते, मलाही तो फटका बसलाय.

इथे काही दुकानांत कार्ड लावलं की मशीन ओळखतं की हे भारतातलं कार्ड आहे. मग स्क्रीनवर दोन बटणं येतात: EUR 80.00 आणि INR 8410.00, कोणतं हवं? नवीन माणसाला वाटतं, अरे वा, आपल्या रुपयांत दाखवतायत, समजायला सोपं! तो INR दाबतो. मी पहिल्या आठवड्यात जाकीट घेताना हेच केलं होतं. तुमच्या मुलाला विचारा, ८० युरोचं काही घेतलं होतं का. पावतीवर दोन्ही रकमा छापलेल्या असतात, बारीक अक्षरात दरही असतो.

रुपये दाबले की दुकानाच्या मशीनचा दर लागतो, आणि तो भयंकर असतो.

चोपडेकर

आत्ताच व्हॉट्सअॅपवर विचारलं. म्हणाला, "हो बाबा, ८० युरोचे थंडीचे बूट घेतले." पावतीचा फोटो पाठवलाय. त्यावर एका युरोला १०५.१३ रुपये लिहिलंय. पण कार्डातून तर ८६.२७ युरो गेलेत! ८० च्या वस्तूला ८६? त्याच्या कार्डात रुपये नाहीतच.

तापीकाठ

लिमरिकच्या ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. याला डीसीसी म्हणतात. कार्डात रुपये नाहीत, तिथेच खरी गोम आहे. दोन पायऱ्यांत बघा.

पहिली पायरी दुकानात. दुकानाच्या मशीननं ८० युरोचे रुपये केले, एका युरोला १०५.१३ धरून. झाले ८४१०. बाजारभाव त्या सुमाराला १०० रुपये ६० पैसे, म्हणजे साडेचार टक्के दुकानाच्या बाजूनं कापले गेले.

दुसरी पायरी तुमच्या कार्डाकडे. आता मागणी आली ८४१० रुपयांची आणि पाकिटात आहेत युरो. म्हणून कार्ड कंपनीच्या नेटवर्कनं रुपयांचे परत युरो केले. त्यांचा दर साधारण १००.९० धरला तर ८३.३५ युरो होतात. पाकिटातलं चलन आणि खर्चाचं चलन वेगळं, म्हणून तुमच्या बँकेनं वर क्रॉस करन्सी चार्ज लावला. साडेतीन टक्के धरून बघा: ८६.२७. जुळलं.

युरो देशात, युरोच्या कार्डातून, युरोची वस्तू. तरी चलन दोनदा बदललं आणि सव्वासहा युरो गेले. आजच्या भावानं सहाशेच्या वर रुपये.

स्टेटमेंट वाचताना नजर कुठे ठेवायची तेही सांगतो. प्रत्येक खर्चाच्या ओळीत दोन रकमा असतात. डावीकडे दुकानानं मागितलेली, उजवीकडे पाकिटातून गेलेली. दोन्हीकडे EUR आणि आकडा तोच असेल तर ओळ स्वच्छ, पुढे चला. डावीकडे दुसरं काही दिसलं तरच थांबा. डावीकडे INR दिसलं तर ते हेच प्रकरण, कारण आयर्लंडातलं दुकान मुळात रुपयांत विकत नाही.

पाचोऱ्याची_पोर

एक भर. माझ्या मैत्रिणीचं कार्ड दुसऱ्या बँकेचं आहे, तिला मशीन डॉलर विचारतं. कार्डाचा नंबर कोणत्या चलनात नोंदलाय त्यावर ते अवलंबून असावं. त्यामुळे डावीकडे USD दिसलं तरी विचारा. काही दुकानदार तर न विचारता स्वतःच बटण दाबून मशीन पुढे करतात, घाई असली की कळतही नाही.

भुसावळ_जंक्शन

मग याची तरी तक्रार करता येते की नाही?

तापीकाठ

न विचारता दाबलं असेल तर करता येते. कार्ड नेटवर्कच्या नियमांप्रमाणे निवड गिऱ्हाइकानं करायची असते. कार्ड देणाऱ्या बँकेकडे पावतीसह वाद नोंदवायचा. पण पावतीवर सहसा छापलेलंच असतं की मला चलनाची निवड दिली होती आणि मी हे चलन स्वीकारलं. त्यामुळे मुलानं स्वतः दाबलं असेल तर प्रश्नच मिटला.

चोपडेकर

त्याला आठवत नाही म्हणतो. "बहुतेक काउंटरवरच्या मुलीनं दाबलं असेल," म्हणे. बाप रागावणार असला की सगळ्यांना असंच आठवतं.

केळी_सावदा

मना पोऱ्या बी पुण्याले शिकस. त्याले बी काहीच याद राहत नही, फक्त पैसा संपी ग्यात हाईच याद राहस. 😂

धुळ्याची_माई

माझं ब्लॉक करण्याचं चुकलंच, तापीकाठ भाऊ. पण आता विषय निघालाय तर माझंही बघा. मुलगी कॅनडातून शिक्षण संपवून परत आली. कार्डात ३१० कॅनेडियन डॉलर उरले होते. भरताना ६३.९० लागला होता, परत करताना बँकेनं ५९.८० दिला. मध्ये डॉलर पडला का?

तापीकाठ

डॉलर पडला असेलही, तारखा कळल्या तर सांगता येईल. पण बहुतेक तो खरेदीचा रकाना आहे. भरताना बँक तुम्हाला विकते, परत करताना तुमच्याकडून विकत घेते, आणि दोन दरांत अंतर असतंच. तुमच्या ३१० वर जवळपास पावणेतेराशे गेले. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत कार्डात मोजकंच भरावं आणि उरलेलं तिथेच दुकानात खर्चून यावं.

चोपडेकर

बेलफास्टची ओळ राहिली. ४० पौंडांचे ४७.५९ युरो. तो मित्रांबरोबर एका दिवसासाठी गेला होता. म्हणाला, बसमध्ये बसलो नि उतरलो, मध्ये कुठे पासपोर्टसुद्धा बघितला नाही. मग चलन कसं बदललं?

पाचोऱ्याची_पोर

काका, बेलफास्ट उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनमध्ये येतं. तिथे पौंड चालतात. रस्त्यावर हद्द जाणवत नाही, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात. पासपोर्ट तपासत नाहीत म्हणून व्हिसा लागत नाही असं मात्र नाही, हे मुलाला जरूर सांगा. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तो लागतो.

चोपडेकर

अरे देवा. हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं. आज रात्री वेगळा फोन होणार.

तापीकाठ

फोन करा, पण त्या ओळीवरून रागावू नका. तिथे दुकानानं पौंड मागितले ते बरोबरच. पाकिटात पौंड नाहीत म्हणून युरोतून गेले. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही वेबसाइटवर दर बघायची सोय आहे. बँक फीच्या चौकटीत शून्य टाकायचं आणि तारीख खर्चाची न घेता रक्कम खात्याला लागल्याची घ्यायची, कधी एक-दोन दिवसांचा फरक असतो. तुम्हाला एका युरोला ०.८७ पौंडाच्या आसपास दिसेल. ४० भागिले ०.८७ म्हणजे ४५.९८ युरो. गेले ४७.५९. फरक १.६१, म्हणजे पुन्हा साडेतीन टक्के. काही बँका हा चार्ज वेगळ्या ओळीत दाखवतात, तुमची त्याच रकमेत मिसळते. म्हणून स्टेटमेंटमध्ये चार्ज नावाचा शब्द नाही, तरी चार्ज आहे.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे कार्डात थोडे पौंडही भरून ठेवावेत. मल्टी करन्सी कार्डाचा फायदाच तो.

तापीकाठ

एका दिवसाच्या सहलीसाठी नको. पौंड भरतानाही त्या भावात अडीच टक्के बसलेलेच असतात, वर ८८ रुपयांची फी. आणि उरलेले पौंड माईंच्या डॉलरसारखे परत येताना खरेदीच्या रकान्यातून येतील. दीड युरो जाऊ द्या. सहा महिने लंडनला इंटर्नशिप असेल तर गोष्ट वेगळी.

एटीएमच्या दीड युरोबद्दल बोलायला काही नाही, तो ठरलेला आहे. फक्त वीस-वीस युरो पाच वेळा काढू नयेत.

चोपडेकर (नऊ दिवसांनी)

शाखेत जाऊन आलो. या वेळी मॅडमना फी विचारलीच नाही. म्हटलं, माझ्या खात्यातून एकूण किती जातील आणि तिकडे किती युरो पडतील, एवढंच सांगा. त्यांनी साहेबांकडे पाठवलं. साहेब म्हणाले, कार्डाचा दर सिस्टीममधून येतो, त्यात शाखेला हात घालता येत नाही. पण मुलाचं तिकडे बँक खातं असेल तर तारेनं पाठवा, त्याचा दर ट्रेझरीला फोन करून मागता येतो.

मुलाचं खातं गेल्या आठवड्यातच उघडलं होतं, त्याला पत्त्याचा पुरावा म्हणून कॉलेजचं पत्र लागलं. २५०० युरो पाठवले. तक्त्यात १०२.२० होता, साहेबांनी फोन केला आणि १०१.५५ मिळाला. फोन लावायला त्यांना तीन मिनिटं लागली. आधीच्या वेळी मी विचारलंच नव्हतं.

रक्कम २,५३,८७५. तारेचा चार्ज जीएसटीसह ५९०. चलन बदलाचा जीएसटी ३१८.४९, तो तापीकाठ भाऊंच्या रीतीनं घरी काढून बघितला, बरोबर आला. खात्यातून गेले २,५४,७८३.४९. मुलाच्या खात्यात मात्र पडले २४८८ युरो. मधल्या मध्ये १२ युरो कुठे गळाले कोण जाणे.

तरी तुमचा भागाकार केला. २४८८ नं भागून १०२.४० येतो. त्या दिवशीचा रेफरन्स रेट १००.७०. म्हणजे युरोमागे १ रुपया ७० पैसे गेले. कार्डाच्या वेळी १०३.३८ मधून १००.६० वजा केले तर २ रुपये ७८ पैसे गेले होते.

केळी_सावदा

म्हणजे मळ्यातल्या भावातही घासाघीस चालते तर!

पाचोऱ्याची_पोर

काका, तरी कार्ड बंद करू नका. दोनशे-तीनशे युरो ठेवा त्यात. माझं इथलं बँक कार्ड एकदा हरवलं, नवीन पोस्टानं यायला आठ दिवस लागले, तेव्हा तेच कामी आलं.

तापीकाठ

ते १२ युरो मधल्या बँकेनं कापले. फॉर्मवर परदेशी बँकेचा खर्च कोणी सोसायचा याची चौकट असते. तिथे खर्च वाटून घ्यायचा पर्याय टिक झालेला असणार. पूर्ण खर्च पाठवणाऱ्याचा, असा पर्यायही असतो, पण त्याला तुमची बँक इथेच जास्त चार्ज लावेल. तो १२ युरोंपेक्षा कमी आहे की जास्त, ते शाखेत विचारा. फॉर्मची झेरॉक्स आहे का?

चोपडेकर

आहे. चौकट कोरीच आहे, कुठेच टिक नाही. सोमवारी परत जातो.

भुसावळ_जंक्शन

बेलफास्टचं काय झालं शेवटी?

चोपडेकर

ते विचारू नका.